व्यायाम करताना छातीत जळजळ? आधी काय खाल्लं आणि कधी, ते पाहू

(आमच्या जिमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

संध्याकाळच्या बॅचमध्ये एक तक्रार नेहमी कानावर येते. लेग प्रेस किंवा क्रंचेस सुरू केले की घशाशी आंबट पाणी येतं, करपट ढेकर येतात, छातीच्या मध्यभागी जळजळतं. बहुतेक जण "मला पित्ताचा त्रास आहे" म्हणतात आणि खिशातली गोळी चघळतात. पुष्कळदा खरं कारण तासाभरापूर्वी खाल्लेल्या पदार्थात असतं.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक गोल कडं असतं. घास खाली गेला की ते आवळतं आणि जठरातलं आम्ल वर येऊ देत नाही. जड वजन उचलताना आपण श्वास रोखून पोट आवळतो. तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो आणि कड्यावर खालून जोर येतो. जठर रिकामं असेल तर फारसं काही वर येत नाही. भरलेलं असेल तर ताणलेल्या जठरामुळे कडं अधूनमधून आपोआप सैल पडतं आणि नेमका तेव्हाच दाब आला की आम्ल वर चढतं. आडवं झाल्यावर किंवा कमरेत वाकल्यावर ते खाली राहायला गुरुत्वाकर्षणाचीही मदत उरत नाही. म्हणून क्रंचेस, बेंच प्रेस, लेग प्रेस आणि बर्पी यांत त्रास जास्त होतो, उभ्याने केलेल्या बायसेप कर्लमध्ये कमी.

आता नेहमीचं उदाहरण घ्या. दुपारी दीडला डबा, सहाला ऑफिसातून निघताना वडापाव आणि कडक चहा, सातला वर्कआउट. वडापाव दिसायला छोटा असला तरी तळलेला आहे, आणि तेलकट अन्न जठरातून पुढे सरकायला सर्वांत जास्त वेळ घेतं. साध्या जेवणाला साधारण दोन ते चार तास लागतात, तळलेल्याला त्याहूनही जास्त. म्हणजे सातला तो वडा जवळजवळ जसाच्या तसा पोटात असतो. वर जोराचा व्यायाम सुरू झाला की रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचन आणखी मंदावतं.

याच सभासदाने काय बदलावं? व्यायाम सोडायचा नाही, उपाशीही यायचं नाही. दीडच्या डब्यानंतर सातपर्यंत काहीच न खाल्ल्यास हातपाय गळतात आणि काहींना रिकाम्या पोटीही जळजळतं. म्हणून साडेपाचच्या सुमारास एक पिकलं केळं किंवा एक-दोन कोरड्या पोळ्या, सोबत थोडं पाणी. पोहे आवडत असतील तर ते पाचलाच, छोटी वाटी, कमी तेलात, शेंगदाणे मोजकेच. चहा हवाच असेल तर तोही तेव्हाच घ्या, व्यायामाच्या तोंडावर नको. कॉफी, चॉकलेट आणि पुदिना यांनी काहींचा त्रास वाढतो, सगळ्यांचा नाही. स्वतःवर पाहून ठरवा. पूर्ण जेवण झालं असेल तर तीन तास जाऊ द्या.

सोड्याबद्दल मात्र आमचं ठाम मत आहे. "गॅस मोकळा होतो" म्हणून वर्कआउटआधी लिंबूसोडा किंवा फसफसणारं चूर्ण घेऊन येणारे पुष्कळ आहेत. त्या वायूने जठर फुगतं, ढेकर यायला तेच कडं उघडतं आणि ढेकरेबरोबर आम्लही वर येतं. साधं पाणी घ्या, तेही घोट-घोट. एका दमात बाटली संपवली तरी जठर ताणलं जातंच.

सकाळी सहाच्या बॅचचा प्रश्न आदल्या रात्रीचा असतो. अकराला मटणाचं जेवण आणि लगेच झोप असेल तर पहाटेच घशात आंबटपणा जाणवतो. तिथे सकाळचा नाश्ता बदलून उपयोग नाही, रात्रीचं जेवण नऊच्या आत आणायला हवं.

एखाद्या दिवशी उशिरा खाणं झालंच, तर येताच ट्रेनरला सांगा. त्या दिवशी उभ्याने करायचे व्यायाम आणि चालणं आधी घेऊ, आडवे आणि वाकायचे शेवटी किंवा वगळू. वजन थोडं कमी ठेवा, उचलताना श्वास सोडा आणि कमरेचा पट्टा फक्त जड सेटपुरताच बांधा.

फरक कळायला दोन आठवडे द्या. कधी खाल्लं, काय खाल्लं आणि कोणत्या व्यायामाला जळजळलं, एवढं मोबाइलमध्ये टिपून ठेवा. तरीही आठवड्यातून दोन-तीनदा त्रास होत असेल, घास अडकत असेल, वजन विनाकारण उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या चघळत दिवस काढू नका.

छातीवर दडपण आलं, दुखणं हात, पाठ किंवा जबड्याकडे गेलं, दरदरून घाम फुटला, धाप लागली, तर ते पित्त धरून बसू नका. व्यायाम तिथेच थांबवा, खाली बसा आणि आम्हाला हाक मारा. आम्ही तडक १०८ ला फोन करतो.