भोंगा-नियंत्रकाच्या घड्याळातील ‘ट्रिम’ : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाळी बदलल्याचा भोंगा किंवा शाळेची घंटा वेळेवर वाजवणाऱ्या आमच्या प्रत्येक नियंत्रकात एक स्वतंत्र घड्याळ असते. वीज गेली तरी ते आतल्या CR2032 या नाण्याच्या आकाराच्या सेलवर चालू राहते. नियंत्रकाच्या मागच्या बाजूला आम्ही एक छोटी चिठ्ठी चिकटवतो. तिच्यावर `TRIM -018` किंवा `TRIM +007` असा आकडा असतो आणि तोच आकडा सेटिंगच्या पडद्यावरही दिसतो. हा आकडा कशाचा आहे, असे अनेक ग्राहक विचारतात. काहींनी तो न विचारताच शून्य केला आणि मग घड्याळ पुढे पळते अशी तक्रार केली. ही माहिती त्यासाठी दिली आहे.

एक सेकंद कसा मोजला जातो

घड्याळाचा ठोका एका लहानशा क्वार्ट्झ क्रिस्टलमधून येतो. हा क्रिस्टल दर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे, कारण तिला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो. चिपमध्ये निम्मे करणाऱ्या अशा पंधरा पायऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. पहिल्या पायरीवर ३२,७६८ पल्स आत येतात व १६,३८४ बाहेर पडतात, पुढच्या पायरीवर त्यांचे ८,१९२ होतात, आणि शेवटच्या पायरीतून सेकंदाला एकच पल्स बाहेर येऊन सेकंदाचा आकडा पुढे सरकवतो.

अडचण एवढीच की कोणताही क्रिस्टल नेमके ३२,७६८ कंप देत नाही. कापणीतला सूक्ष्म फरक आणि बोर्डावरील तांब्याच्या रेघांची धारिता यांमुळे तो दहा लाखांत दहा-वीस किंवा तीस भागांनी वेगवान किंवा संथ निघतो. हे प्रमाण फार लहान वाटते, पण दहा लाखांत एक भाग म्हणजे महिन्याला सुमारे २.६ सेकंद होतात. तीस भागांची चूक असेल तर महिन्याला सव्वा मिनिटाहून अधिक फरक पडतो, आणि भोंग्याच्या वेळेवर पगार कापला जाणाऱ्या कारखान्यात तेवढ्यावरून वाद होतो.

पूर्वी क्रिस्टलजवळ एक छोटा बदलता कपॅसिटर बसवून तो स्क्रू ड्रायव्हरने फिरवत असत. धूळ, यंत्रमागांची थरथर आणि फिरवणाऱ्याचा हात या तिन्हींमुळे ती जुळवणी फार काळ टिकत नसे. आता आम्ही क्रिस्टलला हात लावत नाही. तो ज्या वेगाने कंप पावतो त्याच वेगाने पावू देतो, आणि चूक मोजणीत दुरुस्त करतो.

सध्याच्या मॉडेलमध्ये MCP7940N ही चिप आहे. तिच्यात ही दुरुस्ती मिनिटातून एकदा होते. एका मिनिटात ३२,७६८ गुणिले ६०, म्हणजे १९,६६,०८० पल्स येतात. ट्रिमचा आकडा एकने वाढला की त्या मिनिटाच्या मोजणीत दोन पल्स जास्त धरले जातात किंवा दोन सोडून दिले जातात. घड्याळ वेगाने चालत असेल तर उणे आकडा द्यायचा असतो. चिप तितके पल्स न मोजता जाऊ देते, त्यामुळे ते मिनिट किंचित लांबते. घड्याळ मागे पडत असेल तर अधिक आकडा द्यायचा. पल्स ‘जास्त धरणे’ म्हणजे नवे पल्स निर्माण करणे नव्हे, तर मोजणी तितकी पुढे सरकवून मिनिट लवकर संपवणे. एका आकड्याने दहा लाखांत १.०१७ भाग, म्हणजे दिवसाला ०.०८७९ सेकंद एवढा फरक पडतो. आकडा दोन्ही बाजूंना १२७ पर्यंत देता येतो, त्यामुळे दिवसाला अकरा सेकंदांपर्यंतची चूक दुरुस्त होऊ शकते.

ही सर्व मोजणी सेलवर चालणाऱ्या भागातच होत असल्यामुळे वीज नसतानाही ट्रिमचे काम सुरू राहते.

चिठ्ठीवरचा आकडा पुरेसा का नसतो

चिठ्ठीवरचा आकडा आम्ही आमच्या टेबलावर, साधारण २५ ते २८ अंश सेल्सियस तापमानाला, उपग्रहावरून मिळणाऱ्या सेकंदाच्या ठोक्याशी ताडून काढतो. तुमच्याकडे नियंत्रक पत्र्याच्या शेडमध्ये, बंद पेटीत, स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी बसतो. तेथील तापमान वेगळे असते, आणि क्रिस्टलचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. म्हणून नेमका आकडा नियंत्रक बसवलेल्या जागीच मोजून काढावा लागतो. हे काम तुम्ही स्वतः करू शकता, त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्याचे उदाहरण घेऊ. ऑगस्टमध्ये नियंत्रक बसवला, तेव्हा ट्रिम `000` ठेवला आणि घड्याळ मोबाइलच्या वेळेशी सेकंदापर्यंत जुळवले. बरोबर वीस दिवसांनी त्याच वेळेला पाहिले, तर घड्याळ ५२ सेकंद पुढे होते. हिशोब असा होतो:

```
ट्रिम = फरक (सेकंद) ÷ (दिवस × 0.0879)
      = 52 ÷ (20 × 0.0879)
      = 29.6, म्हणजे 30
```

घड्याळ पुढे पळत होते म्हणून आकडा उणे, `TRIM -030`. आता दर मिनिटाला साठ पल्स सोडले जातात. आकडा पूर्णांकात घ्यावा लागल्यामुळे थोडी चूक उरते, पण ती महिन्याला साधारण एक सेकंदाची असते आणि त्याहून बारीक जुळवणी या चिपमध्ये शक्य नाही.

दोन निरीक्षणांमधले अंतर निदान पंधरा-वीस दिवसांचे असावे, असा आमचा आग्रह आहे. डोळ्यांनी दोन घड्याळे जुळवताना अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते. एका दिवसाच्या अंतराने पाहिले तर ती चूक सुमारे सहा आकड्यांएवढी भरते. वीस दिवसांच्या अंतराने ती एका आकड्याच्या आत राहते. ताडून पाहण्यासाठी इंटरनेटवरून वेळ घेणारा मोबाइल पुरेसा आहे. दूरदर्शन संचावरील बातम्यांचे घड्याळ मात्र वापरू नये, कारण डिश किंवा केबलमधून येणारे चित्र काही सेकंद उशिरा पोहोचते, आणि हा उशीर प्रत्येक वेळी सारखाच असेल असे नाही. या वीस दिवसांत घड्याळ पुन्हा जुळवू नये, नाहीतर मोजणी नव्याने सुरू करावी लागते.

पुढे कधी दुसऱ्यांदा मोजणी केली, तर आलेला आकडा जुन्या आकड्यात मिळवायचा असतो, त्याच्या जागी लिहायचा नसतो. `-030` असताना घड्याळ मागे पडते असे दिसून हिशोबात ३ आला, तर नवा आकडा `-027` होतो. `+003` लिहिला तर मूळची सगळी चूक परत येते. चिन्ह उलटे दिल्यास चूक जवळपास दुप्पट होते. त्यामुळे ट्रिम दिल्यानंतर फरक आधीच्या दुप्पट वेगाने वाढताना दिसला, तर प्रथम चिन्ह तपासावे.

उन्हाळ्यातील फरक ट्रिमने घालवू नये

या प्रकारचा क्रिस्टल साधारण २५ अंशांना सर्वांत वेगाने चालतो. त्याहून गरम झाला तरी संथ होतो आणि थंड झाला तरी संथच होतो. २५ अंशांपासून जितके अंश दूर जाल त्याच्या वर्गाला ०.०३४ ने गुणल्यास दहा लाखांत किती भाग संथ झाला ते कळते. थंडीत पेटीतले तापमान १५ अंशांवर आले, तर ते ३.४ भाग होतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या पेटीत ४५ अंश झाले, तर वीसचा वर्ग ४०० आणि त्याला ०.०३४ ने गुणून १३.६ भाग, म्हणजे त्या तापमानात दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागे पडतात. रात्री तापमान उतरत असल्यामुळे प्रत्यक्षात महिन्याचा फरक यापेक्षा कमी भरतो.

वरच्याच कारखान्यात मे अखेरीस घड्याळ २२ सेकंद मागे पडले होते. तेथील फिटरने मन लावून हिशोब केला, आठ आकडे आले आणि त्याने ट्रिम `-022` केला. हिशोब अचूक होता, पण ऑगस्टमध्ये पेटी थंड झाल्यावर तेच आठ आकडे उलटे फिरले आणि घड्याळ महिन्याला तितकेच पुढे जाऊ लागले. आमच्या चिपला तापमान कळत नाही, ती वर्षभर तोच आकडा वापरते. म्हणून मोजणी पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास करावी, आणि उन्हाळ्यात पडलेला फरक जूनमध्ये हाताने वेळ जुळवून काढावा. ज्यांना हे चालणार नाही, त्यांच्यासाठी तापमान मोजून आकडा आपोआप बदलणारे महाग मॉडेल आहे. पाळीच्या भोंग्यासाठी त्याची गरज नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी

फ्रिक्वेन्सी काउंटर लावून ‘ट्रिम बदलला तरी आकडा हलत नाही’ असे सांगणारे फोन आम्हाला येतात. क्रिस्टलची वारंवारता ट्रिमने बदलतच नाही, त्यामुळे ती मोजून उपयोग नाही. उलट क्रिस्टलच्या पायांना प्रोब टेकवला की प्रोबच्या धारितेमुळे तोच संथ होतो किंवा थांबतो. सेकंदाचा पल्स मोजत असाल तर लक्षात घ्या की `-030` ला साठ पल्सची दुरुस्ती मिनिटातून एकदाच, सुमारे १.८ मिलिसेकंदांच्या एका उडीत होते. दहा सेकंद मोजल्यास ती बहुतेक वेळा सापडणारच नाही. काउंटरवर मोजणीचा काळ पूर्ण मिनिटांत, शक्यतो दहा मिनिटांचा ठेवावा.

घड्याळ दिवसाला अकरा सेकंदांपेक्षा जास्त चुकत असेल, किंवा एका आठवड्यात पुढे आणि दुसऱ्या आठवड्यात मागे जात असेल, तर तो ट्रिमचा विषय नाही. बहुधा क्रिस्टलचा टाका सुटलेला असतो किंवा त्याच्या पायांमध्ये ओल, फ्लक्स अथवा सुताच्या फायबरची धूळ साचलेली असते. असा नियंत्रक आमच्याकडे पाठवावा.

सेल बदलताना नियंत्रकाचा वीजपुरवठा चालू ठेवावा. वीजही बंद आणि सेलही काढलेला, अशी स्थिती आली की वेळेबरोबर ट्रिमही पुसला जातो आणि पडद्यावर `TRIM +000` दिसतो. तुम्ही स्वतः काढलेला आकडा म्हणूनच मागच्या चिठ्ठीवर आमच्या आकड्याखाली, तारखेसह, पक्क्या शाईने लिहून ठेवावा. जुन्या मॉडेलवरील आकडा नव्या मॉडेलमध्ये घालू नये. जुन्या चिपमध्ये एका अधिक आकड्याने दहा लाखांत ४.०६८ भाग आणि एका उणे आकड्याने २.०३४ भाग फरक पडत असे. त्या नियंत्रकांसाठीचा तक्ता दुकानात मागितल्यास मिळेल.