स्वच्छ दूध उत्पादन

निरोगी जनावराच्या सडातून दूध बाहेर पडते तेव्हा त्यात जंतू फार थोडे असतात. पुढे ते कास, हात, गोठ्यातली धूळ आणि सगळ्यांत जास्त भांड्यांतून येतात. त्यांचा शिरकाव कमी ठेवून दूध लवकर थंड करणे म्हणजे स्वच्छ दूध उत्पादन.

धार काढण्याआधी कोरडा कडबा टाकला की धूळ उडून बादलीत बसते, म्हणून त्या वेळी पेंड किंवा खुराक देतात. वासरू पान्हा सोडवून बाजूला केल्यावर सड कोमट पाण्याने किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुतात. धुण्याइतकेच पुसणेही गरजेचे असते. ओल्या कासेवरून ओघळणारे पाणी सगळी घाण बादलीत आणते, आणि ही चूक फार गोठ्यांत दिसते. प्रत्येक जनावराला वेगळे, कोरडे फडके हवे. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर घेतात. त्यात गुठळ्या किंवा पाणचटपणा दिसला तर दगडीची, म्हणजे कासदाहाची शंका घ्यावी आणि ते दूध वेगळे ठेवावे. पान्ह्याचा जोर साधारण सहा-सात मिनिटेच टिकतो, तेवढ्यात मूठ पद्धतीने धार आटपावी. अंगठा दुमडून सड ओढल्याने त्याला इजा होते. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतात. सडाचे तोंड अर्धा-पाऊण तास उघडे राहते, तोवर चारा टाकला की गाय खाली बसत नाही.

किटली आधी थंड किंवा कोमट पाण्याने विसळावी. सुरुवातीलाच उकळते पाणी ओतले तर दुधातली प्रथिने पत्र्याला चिकटतात आणि तिथे जंतूंना आसरा मिळतो. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने घासून किटली उन्हात पालथी घालतात. झाकणाची कड आणि सांधे हमखास राहून जातात. ओरखडे पडलेला प्लॅस्टिकचा डबा तर कितीही घासला तरी स्वच्छ निघत नाही.

ताजे दूध ३७ ते ३८ अंशांवर असते. या उबेत जंतू दर अर्ध्या तासाने दुप्पट होतात असे धरले, तर तीन तासांत ते ६४ पट होतात. स्वच्छ किटलीत दर मिलिलिटरला २० हजार असतील तर सुमारे १३ लाख, आणि कळकट किटलीत दोन लाख असतील तर सव्वा कोटींच्या वर. म्हणून दोन-तीन तासांत दूध ४ अंशांवर आणायचे असते. संकलन केंद्र लांब असेल तर किटली हौदात, पाणी दुधाच्या पातळीइतके येईल अशी ठेवून दूध स्वच्छ पळीने ढवळतात. हौदाचे पाणी २५ अंश असेल तर दूध त्याखाली उतरत नाही, त्यामुळे वाहतुकीपुरता थोडाच वेळ मिळतो. दूध थंड ठेवणारी मोठी टाकी, म्हणजे बल्क कूलरही जंतू मारत नाही, फक्त त्यांची वाढ रोखतो. थंड झालेल्या संध्याकाळच्या दुधात सकाळचे कोमट दूध थेट ओतले तर आधीचेही तापते. केंद्रावर मिथिलिन ब्लू घातल्यावर निळा रंग अर्ध्या तासातच गेला, तर दुधात जंतू भरमसाट असल्याचे कळते.