कटिंगमध्ये वजन नाही, सेट कमी करा

आपल्याकडच्या बहुतेक व्यायामशाळांत एक समज पक्का बसलेला आहे: शरीरसौष्ठवाची स्पर्धा जवळ आली की वजनं हलकी करायची, वीस-पंचवीस रेप्स मारायचे, म्हणजे कट्स, स्नायूंवरच्या ठळक रेषा, येतात. पहिल्यांदा स्टेजवर चढणाऱ्या पोरांचं सगळ्यात मोठं नुकसान या समजाने होतं. कट्स चरबी उतरल्यावर दिसतात आणि चरबी आहाराने उतरते. व्यायामाचं काम त्या काळात एकच, कमावलेला स्नायू टिकवणं. शरीराला खाणं कमी मिळत असताना स्नायू राखायला कारण लागतं, आणि ते कारण म्हणजे स्नायूवर येणारा जड ताण. तो ताणच काढून घेतला तर चरबीबरोबर मांसही उतरतं.

एक उदाहरण धरून चालू. पुसद तालुक्यातला पोरगा, वजन ७४ किलो, जिल्ह्याची स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी. त्याची तयारी जुलैत सुरू होते. त्या काळात पोटभर खायचं आणि सेट हळूहळू वाढवायचे. पायांचं बघा: आठवड्याला १० सेटपासून सुरुवात, दर आठवड्याला एक-दोन वाढवत १६ पर्यंत. पुढचा व्यायाम येईपर्यंत दुखणं जात नसेल किंवा रेप्स घसरत असतील, तर मर्यादा आली असं समजायचं. मग एक आठवडा निम्मे सेट करायचे आणि पुन्हा खालून चढायचं.

इथे गावाकडच्या पोराने एक हिशोब धरायलाच हवा. पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन दिवसभर फवारणी केली, तर पाय आणि कंबर आधीच थकलेली असतात. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आली की आठ-दहा दिवस वाकूनच जातात. तेव्हा संध्याकाळी पुन्हा डेडलिफ्ट मारण्यात अर्थ नाही. निम्म्या सेटचा आठवडा नेमका सोंगणीत बसवावा, म्हणजे वावरही सांभाळलं जातं आणि शरीरही.

नोव्हेंबरपासून कटिंग, म्हणजे खाणं कमी करून चरबी उतरवणं, साधारण १६ आठवडे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते पाऊण टक्का, म्हणजे या पोराचे अंदाजे चारशे-पाचशे ग्रॅम उतरावेत. फेब्रुवारीपर्यंत तो ६७ च्या आसपास येतो. या काळात तो १०० किलोवर ८ रेप्स स्क्वॉट मारत असेल, तर बारवरचे १०० किलो शक्य तितके दिवस तसेच ठेवायचे. कमी करायचे ते सेट: डिसेंबरात पायांचे १२, जानेवारीत १०, शेवटी ८. कमी खाण्यावर शरीराची झीज भरून येण्याची ताकद घटते, म्हणून सेट कापावे लागतात. स्नायू कमवायला जेवढे सेट लागतात, त्याहून बरेच कमी तो टिकवायला पुरतात, पण वजन जड असेल तरच.

मांस उतरतंय की नाही, हे व्यायामाच्या वहीत दिसतं. त्यातही पुल-अप्स फसवतात. ७४ किलोवर ८ पुल-अप्स निघत होते आणि ६७ वरही ८ च निघताहेत, तर पाठीची ताकद टिकली असं नाही, ती कमी झाली आहे. शरीर सात किलोने हलकं झालं, रेप्स वाढायलाच हवे होते. सलग दोन आठवडे अशी घसरण दिसली तर आधी सेट कमी करावेत, झोप बघावी, आणि वजन फार झपाट्याने उतरत असेल तर खाणं थोडं वाढवावं.

आता शेवटचा आठवडा. पायांचा शेवटचा जड व्यायाम स्पर्धेच्या सहा-सात दिवस आधी उरकावा. कारण सरळ आहे. जोरदार व्यायामाने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि इजा झालेला स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, नीट भरून घेत नाही. ग्लायकोजेन आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतं, स्नायूचा भरीवपणा त्यातूनच येतो. गुरुवारी पाय फोडून काढले तर रविवारी मांड्या सुजलेल्या आणि धूसर दिसतात. वरच्या अंगाचा व्यायाम बुधवार-गुरुवारपर्यंत चालतो, पण निम्म्या सेटनी, प्रत्येक सेटमध्ये दोन-तीन रेप्स राखून. शुक्रवार-शनिवार फक्त पोझिंग. पाणी तोडू नये. पाण्याशिवाय ग्लायकोजेन भरत नाही, स्नायू सपाट पडतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी तर हृदयाचे ठोके बिघडून जीव गेलेले आहेत, त्यांना हातही लावू नये.

पोझिंगचा सराव मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. परीक्षक तुलना करत असताना मांड्या, पोट, पाठ एकाच वेळी ताणून मिनिटभर उभं राहावं लागतं आणि सवय नसलेल्या पोराचे पाय थरथरतात. जानेवारीपासून रोज पंधरा मिनिटं, शेवटी शेवटी आरशाशिवाय, कारण स्टेजवर आरसा नसतो.

रविवारी स्टेजमागे रबर बँडने खांदे, पाठ आणि छाती दहा-बारा मिनिटं गरम करावी, घाम फुटण्याआधी थांबावं. मांड्यांना पंप देऊ नये, रक्त भरलं की त्यांच्यातल्या रेषा बुजतात.