मोडी कागदाचा फोटो: लिप्यंतर वेगळं, अर्थ वेगळा

अंबड तालुक्यातले ओळखीचे एक काका मागच्या महिन्यात मोबाईल घेऊन घरी आले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचे कागद सापडले होते. त्यातल्या एका मोडी कागदाचा फोटो नातवानं एका एआय मॉडेलला दिला होता आणि उत्तर तयार होतं. "वाचून झालंय सगळं," काका म्हणाले, "तू फक्त बरोबर आहे का तेवढं बघ."

उत्तर सुरेख होतं. सात वाक्यं, शुद्ध मराठी. हे जमिनीचं खरेदीखत आहे, १२११ रुपयांना व्यवहार झाला, विकणारा कुणबी आहे, अशी सगळी माहिती त्यात होती. मग मी मूळ फोटो मोठा करून पाहिला. कागदावर अकरा ओळी होत्या, आणि ते खरेदीखत नव्हतं. ती ज्वारीची पावती होती.

या गोंधळाच्या मुळाशी दोन शब्द आहेत, लिप्यंतर आणि अर्थ. मोडी न येणारा माणूस दोन्हींना "वाचणं" म्हणतो, आणि मॉडेलकडे मागतानाही "हे वाचून दे" एवढंच म्हणतो. लिप्यंतर म्हणजे मोडीतलं प्रत्येक अक्षर जसं आहे तसं बालबोधीत, म्हणजे आपल्या रोजच्या देवनागरीत उतरवणं. शब्द कळो न कळो, ओळीला ओळ आणि खुणेला खूण. अर्थ म्हणजे त्या उतरवलेल्या मजकुरात काय म्हटलंय ते आजच्या मराठीत सांगणं. लिप्यंतर फोटोशेजारी धरून तपासता येतं, पण नुसता अर्थ तपासायला हातात काहीच उरत नाही. काकांच्या मोबाईलनं मधली पायरी गाळून थेट अर्थ दिला होता.

त्या कागदाची चौथी ओळ जवळून पाहू. मोडीत आधी सबंध ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची अशी रीत. दोन शब्दांत जागा नाही, वाक्य संपल्याची खूण नाही, हात शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे ओळ अशी दिसते:

प॥अंबडजवारी१२॥मणपैकी४।मणपावलीबाकी८।राहिली

यातल्या उभ्या रेघांकडे लक्ष द्या. "प" पुढच्या दोन रेघा संक्षेपाची खूण आहेत. प॥ म्हणजे इथे परगणे, म्हणून परगणे अंबड. पण "१२" पुढच्या तशाच दोन रेघा म्हणजे अर्धा. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. १२॥ म्हणजे साडेबारा, ४। म्हणजे सव्वाचार, ८। म्हणजे सव्वाआठ. एकाच ओळीत एकच खूण दोन वेगळी कामं करते आणि कुठे कोणतं ते शेजारच्या अक्षरावरून ठरतं.

मॉडेलनं १२॥ ला १२११ केलं. फोटोत त्या रेघा इंग्रजी एकच्या आकड्यासारख्याच दिसतात, हे खरं. पण पुढे "मण" आहे हे त्याच्या नजरेत आलं नाही. चार आकडी रक्कम दिसली आणि जुना कागद म्हटल्यावर जमिनीचा व्यवहार असणार, म्हणून रुपयेही आले. माझं वाचन बरोबर आहे की नाही हे मात्र कागदच सांगतो. साडेबारातून सव्वाचार गेले की सव्वाआठ उरतात. हिशेब जुळला म्हणजे रेघा बरोबर लागल्या. हिशेबी कागदात हा ताळा सगळ्यात भरवशाचा. मोडीचं एक अक्षर न येणारा माणूसही आकडे ओळखायला शिकला की तो करू शकतो.

मॉडेल असं का करतं? त्याचं शिक्षण ज्या मजकुरावर झालं त्यात देवनागरीतली मराठी भरपूर आहे. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली खरी, पण ती टाइप केलेल्या अक्षरांसाठी. आपले जुने कागद म्हणजे चित्रं, आणि चित्राशेजारी जाणकारानं केलेलं लिप्यंतर अशी जोडी फार थोड्या कागदांची आहे. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीवरून देवनागरीत नेणारं मॉडेल मांडलं, तेव्हा सोबतच्या संचात २,०४३ प्रतिमा होत्या. तेही मोठं काम आहे, पण देवनागरीच्या सागरापुढे ती ओंजळच. सर्वसाधारण मॉडेलला चित्रातून थोडं काही लागतं आणि उरलेलं ते भाषेच्या सवयीनं भरून काढतं. "मौजे" दिसलं की पुढे काय येऊ शकतं हे त्याला हजारो खतांवरून माहीत असतं. म्हणून त्याची चूक अडखळत नाही, सरळ चालत येते.

खास मोडीसाठी शिकवलेल्या मॉडेलची चूक सहसा वेगळी दिसते. तिथे "जवारी"चं "जगरी" होतं, ओळ मध्येच तुटते, एखादा शब्द निरर्थक निघतो. नवख्याला हे उत्तर वाईट वाटतं आणि पहिलं चांगलं. मी उलट म्हणेन. निरर्थक शब्द निदान कुठे बघायचं ते दाखवतो. मात्र या मॉडेललाही हाताची सवय लागते. पेशवेकाळातल्या दफ्तरी, बोरूनं लिहिलेल्या घोटीव वळणावर शिकलेलं मॉडेल गावच्या कुलकर्ण्यानं घाईत टाकानं खरडलेल्या ओळीवर पुष्कळदा गडबडतं.

आता त्या "कुणबी" शब्दाबद्दल. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून मराठवाड्यात मोडी आणि उर्दू कागदांना एकाएकी फार भाव आला. घरोघरी पेट्या उघडल्या. काकांच्या नातवानं मॉडेलला विचारलं होतं, "यात कुणबी नोंद कुठे आहे?" उत्तर आलं, चौथ्या ओळीत. चौथ्या ओळीत काय आहे ते वर दिलंच आहे. प्रश्नात जो शब्द होता तोच उत्तरात परत आला. तोच फोटो मी नव्यानं, काही न सुचवता दिला आणि "ओळीनुसार अक्षरं उतरव, लागत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक" एवढंच सांगितलं. या वेळी "कुणबी" कुठेच आलं नाही, आणि चौथ्या ओळीत चार प्रश्नचिन्हं आली. पुन्हा एकदा दिला तर तिसरंच काही आलं, गावाचं नावसुद्धा बदललं. खरं वाचन असतं तर नाव दर वेळी तेच आलं असतं. जे शोधताय ते आधी सांगू नका आणि तोच फोटो निदान दोनदा वेगवेगळा देऊन पाहा, ही दोन पथ्यं मी आता प्रत्येकाला सांगतो.

नवव्या ओळीत "कु" आणि पुढे संक्षेपाच्या रेघा होत्या. काकांचे डोळे तिथे अडकले. पण त्या खुणेचं कुलकर्णी होऊ शकतं, कुटुंब होऊ शकतं, कुणबीही होऊ शकतं. पावतीच्या शेवटी, लिहिणाऱ्याच्या नावाला चिकटून ती आली होती, म्हणजे कुलकर्णी असण्याचा संभव जास्त. तेही मी पेन्सिलीनंच लिहिलं. लिप्यंतरात "कु॥" एवढंच राहतं, फोड कंसात. मॉडेल हा कंस सहसा ठेवत नाही.

आणखी एक अडचण आहे, ती मॉडेलची नाही, लिपीचीच आहे. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत, त्यामुळे "दिन" आणि "दीन" एकच दिसतात. शब्द तोडायची जबाबदारीही वाचणाऱ्यावर असते. "घेतलेनाहीदिले" हे "घेतले, नाही दिले" की "घेतले नाही, दिले"? जाणकार पुढची-मागची ओळ पाहून ठरवतो. मॉडेल काही न सांगता ठरवून मोकळं होतं, म्हणून न तोडलेली ओळ आधी मागून घ्यावी.

मॉडेलचा उपयोग होतो तो दुसऱ्या पायरीवर. लिप्यंतर माणसानं पक्कं केलं आणि ते देवनागरीत टाइप करून दिलं, की मोकदम, तगाई, इनाम, बलुतं यांसारख्या शब्दांचे अर्थ मॉडेल बरेच नीट सांगतं. मध्ये फोटो नसला की त्याला अक्षरांचा अंदाज बांधावा लागत नाही. तरी डोळे उघडे ठेवावेत. आमच्या ओळीतल्या "४। मण पावली" चा अर्थ त्यानं आधी चार आण्यांची पावली असा लावला. इथे पावली म्हणजे पोचली, मिळाली.

शेवटच्या ओळीत "सन १२९४ फसली" होतं. मॉडेलनं सनाला हिजरी धरून १८७७ साल दिलं. निजामाच्या राज्यात महसुलाला फसली साल चालायचं. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, आणि वर्ष जानेवारी ओलांडून जातं तेव्हा ५९१. म्हणजे १८८४-८५. सात वर्षांचा फरक वंशावळीत एक नाव इकडचं तिकडे करायला पुरेसा असतो. जुन्या मराठेशाही कागदात शुहूर सन अरबी शब्दांत येतो, जसं "तिसा अशर मया व अलफ", म्हणजे नऊ, दहा, शंभर आणि हजार मिळून १११९. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. ही बेरीज मॉडेलवर न सोडता आपण स्वतःच करावी.

फोटोबद्दल थोडंच सांगतो. कागद सपाट ठेवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. एक फोटो अख्ख्या कागदाचा आणि मग दोन-दोन ओळींचे जवळून. स्कॅनर अॅपचा काळा-पांढरा पर्याय वापरू नका, तो फिकट रेघा खातो, आणि पाव की अर्धा हे तर रेघेवरच ठरतं. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागची बाजूही घ्या. शेरा, शिक्का किंवा दुसऱ्या हातची नोंद पुष्कळदा तिथेच असते.

कचेरीत दाखवायचा कागद असेल तर मॉडेलचं उत्तर जोडू नका. तिथे मोडी जाणकाराचं सहीचं लिप्यंतर लागतं, आणि पुराभिलेख खात्याकडे त्याची चौकशी करता येते. काकांचा कागद मी माझ्या शिक्षकांकडे पाठवला. अकरापैकी नऊ ओळी माझ्याशी जुळल्या. सातव्या ओळीत मी "बैल" वाचलं होतं, ते "बेल" निघालं, गावातल्या देवळाच्या बेलाच्या झाडाजवळचं खळं. नववीतलं "कु॥" त्यांनीही फोड न करता तसंच ठेवलं आणि पेटीतले त्याच हातचे आणखी कागद मागवले. काका आता ते शोधतायत.