एकदाचे सव्वादोन टक्के आणि दरवर्षीचा एक टक्का

म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट आणि रेग्युलर प्लॅनमधला फरक आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. पोर्टफोलिओ एकच, फंड मॅनेजर एकच, फक्त रेग्युलरच्या खर्चात वितरकाचं कमिशन असतं. हे कमिशन खर्चाच्या गुणोत्तरात शिरलं कसं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. ते आधी तिथे जवळजवळ नव्हतंच. होतं ते दारातच घेतलं जायचं.

१९९६च्या नियमांनी इक्विटी योजनेच्या खर्चाला टप्पे घालून दिले होते. पहिल्या १०० कोटींवर अडीच टक्के, मग उतरत उतरत पावणेदोन टक्के. या मर्यादेच्या बाहेर एन्ट्री लोड होता, साधारण सव्वादोन टक्के. लाखाचा चेक दिला की ९७,७५० रुपयांचीच युनिट्स पदरात पडायची. उरलेले २,२५० प्रामुख्याने एजंटकडे जायचे. वर पैसे फंडात असेपर्यंत दरवर्षी मिळणारं थोडं ट्रेल कमिशनही असे, पण एजंटचं खरं उत्पन्न या दारावरच्या पैशातून होतं.

म्हणजे गुंतवणूकदार जितक्या वेळा दारातून आत येईल, तितक्या वेळा कमाई. २००५ ते २००७च्या तेजीत नव्या फंडांची रांग लागली होती आणि 'दहा रुपयाला युनिट मिळतंय' हे वाक्य घरोघरी ऐकू यायचं. जुना फंड विका, नवा घ्या. वर्षाच्या पुढे ठेवलेल्या इक्विटीवर तेव्हा भांडवली नफ्याचा करही नव्हता, त्यामुळे अशा फिरवाफिरवीला अडवणारं काहीच नव्हतं.

जानेवारी २००८मध्ये सेबीने, म्हणजे नियामकाने, पहिली फट पाडली. फॉर्मवर एजंटच्या कोडच्या जागी 'डायरेक्ट' लिहून थेट फंड हाउसकडे अर्ज केला, तर लोड माफ. पण युनिट्स त्याच योजनेची आणि एनएव्ही, म्हणजे युनिटची किंमत, हीही तीच. त्यामुळे थेट आलेला माणूससुद्धा योजनेचा पूर्ण खर्च, त्यातल्या ट्रेलच्या वाट्यासह, पुढची पाच वर्षं भरत राहिला. त्याच्या खात्यावर एजंटच नव्हता, पण त्याची एनएव्ही मात्र एजंट असलेल्यांइतकीच झिजत होती. हा अन्याय तेव्हा फार कुणाला जाणवला नाही.

१ ऑगस्ट २००९ रोजी एन्ट्री लोड सरसकट बंद झाला. एजंटला काय द्यायचं ते गुंतवणूकदाराने ठरवावं आणि वेगळ्या चेकने द्यावं, अशी ती कल्पना होती. कागदावर सुंदर. वेगळा चेक देणारे अर्थातच विरळा निघाले. बरेच एजंट तेव्हा भरघोस कमिशन देणाऱ्या युलिपकडे, म्हणजे गुंतवणूक जोडलेल्या विम्याकडे वळले, आणि फंड हाउसेस स्वतःच्या खिशातून आगाऊ कमिशन देऊ लागली. खिसा त्यांचा असला तरी तो भरत होता योजनेच्या खर्चातूनच. लोड गेला आणि ट्रेल वाढलं. जे पैसे एकदा, डोळ्यांदेखत जायचे, ते आता दररोज एनएव्हीतून थोडेथोडे जाऊ लागले.

हा निर्णय गुंतवणूकदाराच्या फायद्याचा होता का? आजही उत्तर 'अर्थातच' असं दिलं जातं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. सोयीचे आकडे घेऊन पाहू. दहा लाख रुपये, वीस वर्षं, खर्चाआधीचा परतावा १२ टक्के. डायरेक्टचा खर्च ०.७ टक्के, रेग्युलरचा १.७. वीस वर्षांनी डायरेक्टमध्ये सुमारे ८५ लाख होतात आणि रेग्युलरमध्ये ७१. फरक १४ लाखांचा. (दहाव्या वर्षी हाच फरक जेमतेम अडीच लाखांचा दिसतो, म्हणून तोवर कुणी दचकत नाही.) आता ०.७ टक्के खर्चाचाच फंड धरा, पण सुरुवातीला एकदा सव्वादोन टक्के लोड कापा. वीस वर्षांनी हातात ८३ लाख. म्हणजे एकदा घेऊन गप्प बसणाऱ्यासाठी तो बदनाम लोड आजच्या ट्रेलपेक्षा कितीतरी स्वस्त पडला असता.

पण गप्प कोण बसू देत होतं? तेच पैसे दर दोन वर्षांनी फिरवले, तर वीस वर्षांत दहा लोड लागतात आणि ८५चे ६८ लाख होतात. हिशेब साधारण आठ लोडांशी बरोबरीत सुटतो. अडीच वर्षांच्या आत फंड बदलायला लावणारा एजंट असेल, तर ट्रेल परवडतं. नसेल, तर लोड परवडत होता. त्या काळातलं थोडंफार ट्रेल मी इथे धरलेलं नाही. ते धरलं तर पारडं थोडं ट्रेलकडे झुकेल, पण एकदा घेऊन थांबणाऱ्याचं उत्तर त्याने उलटत नाही. बंदीने फिरवाफिरवीचा मोह कमी केला हे खरं, पण त्याची किंमत शांत बसणाऱ्यांनी मोजली.

सप्टेंबर २०१२च्या आदेशाने ही गाठ अर्धीमुर्धी सोडवली. १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक योजनेला वेगळ्या एनएव्हीचा, कमिशनविरहित डायरेक्ट प्लॅन द्यावा लागला. त्याच आदेशात पहिल्या पंधरा शहरांपलीकडून पैसा आणल्यास ०.३० टक्के जादा खर्च लावायची मुभाही होती, हे सहसा विसरलं जातं. एका हाताने डायरेक्टची वाट मोकळी केली, दुसऱ्या हाताने योजनेच्या खर्चाची कमाल मर्यादा वर सरकवली. आधी थेट आलेल्यांचे जुने युनिट्सही आपोआप डायरेक्टमध्ये गेले नाहीत. त्यासाठी अर्ज करून स्विच करावं लागलं.

पुढचं झपाट्याने झालं. ऑक्टोबर २०१८मध्ये आगाऊ कमिशन बंद होऊन सगळं ट्रेलवर आलं. खर्च फंड हाउसच्या खिशातून दाखवण्याची पळवाट बुजली, आणि कमिशन सोडून इतर कुठल्याही शीर्षाखाली डायरेक्टला रेग्युलरपेक्षा जास्त टक्के लावता येणार नाहीत, असं ठरलं. हे कलम महत्त्वाचं, कारण त्यामुळे दोन्ही प्लॅनमधला फरक हाच वितरणाचा खर्च, असं आता बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. एप्रिल २०१९पासून टप्पेही खाली आले. २०,००० कोटींच्या इक्विटी फंडाची मूळ मर्यादा सुमारे १.७७ टक्क्यांवरून १.५२ वर आली.

डायरेक्ट प्लॅनचा जन्मच २०१३चा असल्याने वीस वर्षांचा प्रत्यक्ष फरक भारतात अजून कुणी पाहिलेला नाही. जाहिरातींतले आणि माझेही वीस वर्षांचे आकडे हा एक टक्का कायम राहील असं धरून काढलेले आहेत. तो राहतोच असं नाही. फंड मोठा होत गेला की फरक आकसतो, इंडेक्स फंडात तो मुळातच कमी असतो.

उशिरा जागं होणाऱ्याला आता कर आडवा येतो. वरच्याच उदाहरणात दहाव्या वर्षी रेग्युलरमधले २६.७ लाख काढून डायरेक्टमध्ये नेले, तर नफ्यावर साडेबारा टक्के आणि उपकर धरून दोन लाख जातात. विसाव्या वर्षी तो रेग्युलरमध्येच राहिलेल्यापेक्षा फक्त लाखभराने पुढे दिसतो. मात्र वाढलेल्या खरेदी किमतीमुळे शेवटचा कर कमी बसतो, आणि सगळं विकून हातात येणारा फरक सुमारे २.७ लाखांचा होतो. एकदम सगळं न हलवता, सव्वा लाखाच्या करमुक्त नफ्यात बसेल इतकंच दर आर्थिक वर्षात हलवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचं फोलिओ स्टेटमेंट मात्र वाचवत नाही.