वजनकाटा आणि त्यानंतरची अनलोडिंगची लाइन: दोन रांगा वेगवेगळ्या सोडवायची परवानगी कुठून आली

ट्रक आधी काट्यावर चढतो, वजन होतं, पावती मिळते, मग तो पुढे जाऊन माल उतरवायच्या लाइनीत लागतो. रांगांच्या कुठल्याही पुस्तकात हे गणित दोन ओळींत सुटतं. काट्याचं वेगळं काढा, अनलोडिंगचं वेगळं काढा, बेरीज करा. पण पहिल्यांदा हे वाचताना मला खटकलं होतं, आणि खटकायलाच हवं, कारण दुसरी रांग पहिलीवर अवलंबून आहे ना, काटा जसे ट्रक सोडेल तसेच ते पुढे येणार, मग काटा तिथे नाहीच असं समजून दुसऱ्या रांगेचं उत्तर काढायचं कसं? ही परवानगी मिळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, आणि ती काही अटींवरच मिळाली आहे.

आधी आकडे घेऊ म्हणजे पुढचं सगळं त्यावर बोलता येईल. तासाला सरासरी 8 ट्रक येतात, कधीही, एकमेकांशी काही संबंध नसताना (यालाच प्वासाँ आगमन म्हणतात). काट्यावर सरासरी 5 मिनिटं जातात म्हणजे काट्याची ताकद तासाला 12. अनलोडिंगला सरासरी 6 मिनिटं, म्हणजे तासाला 10. एक काटा, उतरवायची एकच जागा. दोन्हीकडचा वेळ एक्स्पोनेन्शियल धरायचा, म्हणजे बरेच ट्रक पटकन सुटतात आणि एखादा खूप वेळ खातो.

एका रांगेचं उत्तर जुनंच आहे. एर्लांगने 1909 पासून कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत बसून कॉल किती येतील, किती थांबतील याचं गणित मांडलं, आणि पुढे त्यातून उभ्या राहिलेल्या शास्त्रात सगळ्यात साध्या एका रांगेचं स्थिर अवस्थेतलं, म्हणजे सुरुवातीचा परिणाम ओसरून सरासरी बदलेनाशी झाल्यावरचं, उत्तर असं येतं:

```
ρ = λ/μ
L = ρ/(1-ρ)
W = 1/(μ-λ)
```

λ म्हणजे तासाला येणारे ट्रक, μ म्हणजे त्या जागेची तासाची ताकद, ρ म्हणजे ती जागा किती टक्के वेळ बिझी, L म्हणजे तिथे असलेले सरासरी ट्रक (ज्याचं काम चालू आहे तो धरून), W म्हणजे एका ट्रकचा तिथला एकूण वेळ. काट्याला ρ = 8/12, म्हणून L = 2 ट्रक आणि W = 15 मिनिटं. इथपर्यंत कुणाची हरकत नाही, कारण काट्यावर येणारी लाइन खरोखरच प्वासाँ आहे.

प्रश्न अनलोडिंगचा. काट्यावर रांग असेल तेव्हा ट्रक साधारण दर 5 मिनिटांनी बाहेर पडतात, म्हणजे येण्याच्या वेगापेक्षा जोरात, आणि काटा रिकामा असेल तेव्हा मध्ये मोठी गॅप पडते. म्हणजे पुढे जाणारा प्रवाह कधी दाटीचा, कधी विरळ. हा प्वासाँ कसा असेल?

1954 मध्ये ब्रिटनमधल्या आर. आर. पी. जॅक्सन यांनी टप्प्याटप्प्याने होणाऱ्या सर्व्हिसचा अभ्यास केला, समतोलाची समीकरणं मांडली, म्हणजे प्रत्येक अवस्थेत आत येणारा प्रवाह आणि बाहेर जाणारा प्रवाह सारखे धरले, आणि उत्तर गुणाकाराच्या रूपात निघालं: काट्यावर इतके आणि अनलोडिंगला इतके असण्याची शक्यता म्हणजे दोन वेगवेगळ्या शक्यतांचा सरळ गुणाकार. आपल्या आकड्यांवर हे हाताने तपासता येतं आणि एकदा तरी करून बघाच. काट्यावर कुणी नाही आणि अनलोडिंगला एकच ट्रक आहे ही अवस्था घ्या. दोन्ही जागा रिकाम्या असण्याची शक्यता p म्हणू, एका जागी एकेक ट्रक वाढला की शक्यता त्या जागेच्या ρ ने गुणली जाते, अनलोडिंगचा ρ 8/10, मग गुणाकाराच्या नियमाने या अवस्थेची शक्यता 0.8p. यातून बाहेर पडायचे दोन रस्ते, नवीन ट्रक येणं (8) किंवा माल उतरवून होणं (10), म्हणून बाहेरचा प्रवाह 18 × 0.8p = 14.4p. आत यायचे पण दोनच रस्ते. काट्यावर एक, पुढे कुणी नाही, आणि वजन होऊन तो पुढे गेला: 12 × (2/3)p = 8p. किंवा अनलोडिंगला दोन होते आणि एक सुटला: 10 × 0.64p = 6.4p. बेरीज 14.4p. बरोबर जुळलं, आणि असंच प्रत्येक अवस्थेला जुळतं.

पण जुळलं म्हणजे का जुळलं हे कळलं असं नाही. ते 1956 मध्ये बेल लॅब्जच्या पॉल बर्क यांनी दाखवलं: अशा रांगेतून बाहेर पडणारा प्रवाहसुद्धा प्वासाँच असतो, त्याच वेगाचा. वरची दाट-विरळची शंका इथे मिटते. काट्यावरून ट्रक निघाला तेव्हा मागे दुसरा उभा असण्याची शक्यता 2/3, तेव्हा पुढची गॅप सरासरी 5 मिनिटं. मागे कुणी नसण्याची शक्यता 1/3, तेव्हा आधी नवा ट्रक येईपर्यंत 7.5 मिनिटं आणि मग वजनाची 5, म्हणजे 12.5. सरासरी काढा: 3.33 + 4.17 = 7.5 मिनिटं, म्हणजे तासाला 8. नुसती सरासरीच नाही, या दोन तुकड्यांचं मिश्रण केलं की गॅपचं पूर्ण वितरणच 7.5 मिनिटांचं एक्स्पोनेन्शियल होतं, लांब गॅप आणि छोटी गॅप एकमेकांना तंतोतंत भरून काढतात.

बर्क यांचा दुसरा भाग मला जास्त खोल वाटतो. काट्यावर आत्ता किती ट्रक आहेत यावरून आतापर्यंत कधी कधी ट्रक बाहेर पडले याचा काहीच अंदाज लागत नाही, दोन्ही स्वतंत्र. एडगर राइख यांनी 1957 मध्ये याचं कारण वेळ उलटी फिरवून दाखवलं. काट्यावरच्या ट्रकांच्या संख्येची फिल्म उलटी चालवली तर ती सरळ चालणाऱ्या फिल्मपेक्षा वेगळी ओळखू येत नाही, फक्त बाहेर पडणं हे येणं होतं. सरळ फिल्ममध्ये यापुढे येणारे ट्रक आत्ताच्या संख्येपासून स्वतंत्र असतात, मग उलट्या फिल्ममुळे आजवर बाहेर गेलेले पण स्वतंत्र. आणि अनलोडिंगची आत्ताची रांग म्हणजे त्या बाहेर गेलेल्यांचाच परिणाम, म्हणून गुणाकार.

आता अनलोडिंगला तेच सूत्र बिनधास्त लावता येतं. ρ = 0.8, L = 4 ट्रक, W = 30 मिनिटं, त्यातली 24 मिनिटं नुसतं थांबण्याची. एकूण 6 ट्रक आणि 45 मिनिटं. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेल्या नियमाने पडताळा: तासाला 8 × पाऊण तास = 6. दोन्ही जागा एकदम रिकाम्या असण्याची शक्यता 1/3 × 1/5 = 1/15, म्हणजे सरासरी तासातली 4 मिनिटं.

इथे एक बारीक गोष्ट बहुतेक नोट्समध्ये सुटते. गुणाकार आहे तो एका क्षणी दिसणाऱ्या संख्यांचा. एकाच ट्रकच्या बाबतीत काट्यावरचा एकूण वेळ आणि अनलोडिंगचा एकूण वेळ स्वतंत्र असतात हे खरं, पण नुसतं थांबणं (सर्व्हिस सोडून) स्वतंत्र नसतं, हे बर्क यांनीच 1964 मध्ये दाखवलं. सरासरीला फरक पडत नाही, पण "90 टक्के ट्रक एकूण किती थांबतात" असं विचारलं तर दोन रांगा सुट्या धरून चालत नाही.

1957 मध्ये जेम्स जॅक्सन यांनी हेच गुणाकाराचं रूप रांगांच्या पूर्ण जाळ्यांसाठी सिद्ध केलं, आणि आज जॅक्सन नेटवर्क म्हणतात ते यांच्या नावाने (दोन जॅक्सन वेगळे, त्यांची गल्लत फार होते).

आता अटी. सगळ्यात महागात पडते ती जागेची, आणि तिच्यावर जी. सी. हंट यांनी 1956 मध्येच, म्हणजे बर्क यांच्याच वर्षी, लिहून ठेवलं होतं. वरचं सगळं गणित काटा आणि अनलोडिंग यांच्यामध्ये हवी तितकी जागा आहे असं धरून चालतं. समजा मध्ये एकही ट्रक उभा करता येत नाही. मग वजन झालेला ट्रक पुढची जागा रिकामी होईपर्यंत काट्यावरच उभा राहतो, काटा अडतो. बाहेर ट्रकांची रांग कायम आहे असं धरलं तर एक फेरी किती वेळाची? दोन्ही कामं एकदम सुरू होतात आणि जे उशिरा संपेल तोपर्यंत थांबायचं, म्हणजे दोन वेळांतला मोठा वेळ. त्याची सरासरी म्हणजे दोन्ही सरासरींची बेरीज वजा दोन वेळांतल्या छोट्या वेळेची सरासरी: 5 + 6 − 2.73 = 8.27 मिनिटं. तासाला जेमतेम 7.25 ट्रक. येतात 8. म्हणजे काटा 12 चा, अनलोडिंग 10 ची, तरी बाहेरची रांग वाढतच राहणार, स्थिर अवस्था नावाची गोष्टच नाही. दोन्ही वेग सारखे असते तर जास्तीत जास्त त्या वेगाच्या 2/3 इतकीच क्षमता मिळते, हा हंट यांचा प्रसिद्ध आकडा. मध्ये एका ट्रकची जागा केली की क्षमता 8.14 होते, कशीबशी 8 च्या वर, म्हणून बाहेरची रांग प्रचंड. दोन ट्रकची जागा दिली की 8.66. प्रत्यक्षात ओळखायची खूण सोपी आहे: काट्यावर पावती निघाली तरी ट्रक हलत नाही, आणि वजनाचा आकडा स्क्रीनवर तसाच राहतो.

दुसरी अट वेळेच्या आकाराची. वजन करायला खरं तर जवळजवळ ठरलेलाच वेळ लागतो. काट्याचा वेळ नेमका 5 मिनिटं धरला तर पोलाचेक (1930) आणि खिंचिन (1932) यांच्या सूत्राने काट्यावरचं थांबणं 10 वरून 5 मिनिटांवर येतं, पण बाहेरचा प्रवाह प्वासाँ राहत नाही, जास्त एकसारखा होतो. अंदाजी सूत्राने अनलोडिंगचं थांबणं 24 ऐवजी 19 मिनिटांच्या आसपास निघतं. म्हणजे इथे बर्क यांचा निकाल लावला तर चूक होते, पण सावधपणाच्या बाजूला होते.

तिसरी अट सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त विसरली जाते. भरलेलं वजन झालं, माल उतरला, आता रिकामं वजन करायला ट्रक परत त्याच काट्यावर येतो. मग काट्यावर तासाला 8 नाही, 16 चढतात, आणि काटा 12 चा. मॉडेल आनंदाने 15 मिनिटं सांगतंय आणि प्रत्यक्षात गेटबाहेर रांग वाढत चालली आहे. दोन रांगा एकामागे एक हे चित्र रिकाम्या वजनाला वेगळा काटा असेल तरच खरं.

आणि स्थिर अवस्थेला वेळ लागतो. रिकाम्यापासून सुरुवात केली तर रांग किती काळात मुरते याचं माप `1/(√μ-√λ)²`, काट्यासाठी साधारण अडीच तास, अनलोडिंगसाठी 9 तास. आठ तासांच्या शिफ्टमध्ये सकाळी मोकळ्या यार्डने सुरुवात होत असेल तर काट्यावरचे 2 ट्रक दुपारपर्यंत मोजून सापडतील, अनलोडिंगचे 4 मात्र दिवसभराच्या सरासरीत सहसा सापडणार नाहीत, कमीच येतील.