प्रतिकूल ऑनलाइन अभिप्राय : उपाहारगृह-व्यवस्थापनातील

ग्राहकांनी गुगल, झोमॅटो, ट्रिपॲडव्हायझर यांसारख्या संकेतस्थळांवर लिहिलेल्या नापसंतीच्या अभिप्रायांना उपाहारगृहाने जाहीर उत्तर देणे, तसेच असे अनेक अभिप्राय एकत्र वाचून स्वयंपाकघरातील किंवा वाढपातील दोष शोधणे, अशी ही दुहेरी प्रथा आहे. ही दोन्ही कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे सोपविली जातात. त्यांचे स्वरूप मात्र वेगळे आहे : उत्तर एका ग्राहकाला द्यायचे असते, तर दोषाचा शोध अनेकांच्या बोलण्यातून घ्यायचा असतो.

उगम : या प्रथेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. एक मत तिचा संबंध सेवाव्यवसायातील तक्रारनिवारणाशी, म्हणजे हॉटेलांतील अभिप्रायपत्रिका आणि तक्रारवही यांच्याशी जोडते. बिघडलेली सेवा सावरून ग्राहक टिकवावा, हा विचार १९९० च्या सुमारास अमेरिकी व्यवस्थापन-साहित्यात ठळकपणे मांडला गेला. तक्रार चांगली हाताळली तर ग्राहक पूर्वीपेक्षाही अधिक खूश होतो, असा दावाही त्यानंतर पुढे आला. पुढील अभ्यासांतून त्याला सरसकट पुष्टी मिळालेली नाही. दुसरे मत ग्राहकांच्या सामूहिक मूल्यांकनाकडे बोट दाखवते. टिम व नीना झगाट यांनी १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ओळखीच्या खवय्यांकडून उपाहारगृहांना गुण मागवून त्यांचे संकलन सुरू केले. अमेरिकेतील अभिप्राय-संकेतस्थळ येल्प (२००४) आणि फूडीबे या नावाने २००८ मध्ये सुरू झालेले झोमॅटो या परंपरेतले मानता येतील. तथापि झगाटच्या पुस्तिकेत मालकाला उत्तर द्यायला जागा नव्हती आणि तक्रारवहीत इतर ग्राहकांना वाचायला जागा नव्हती. त्यामुळे आजची प्रथा या दोहोंच्या संगमातून आली असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. दोषांच्या वर्गवारीची पद्धत मात्र तिसरीकडून, कारखान्यांतील गुणवत्ता-नियंत्रणातून आली आहे. मोजक्या कारणांपोटी बहुतेक दोष उद्‌भवतात, हे तिचे गृहीतक.

आर्थिक परिणामांबाबत मायकेल लुका यांचा सिअॅटलमधील उपाहारगृहांवरील अभ्यास (२०११) वारंवार उद्धृत होतो. येल्पवर एक तारा वाढल्यास उत्पन्न सुमारे ५ ते ९ टक्के वाढते, असे त्यात आढळले. साखळी-उपाहारगृहांवर मात्र हा परिणाम दिसला नाही.

उत्तर देण्याचा परिणाम : येथे अभ्यासकांत मतभेद आहेत. प्रोसेर्पियो व झेर्वास (२०१७) यांनी टेक्ससमधील हॉटेलांची ट्रिपॲडव्हायझर व एक्सपीडिया या दोन स्थळांवरील गुणांकने ताडून पाहिली. उत्तरे देऊ लागलेल्या हॉटेलांचे गुणांकन सरासरी ०·१२ ताऱ्याने वाढले आणि अभिप्रायांची संख्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. नकारार्थी अभिप्राय कमी झाले, पण जे आले ते अधिक लांब होते. याउलट जुडिथ शेव्हालिए व सहकारी (२०१८) यांच्या मते मालक वाचतो आहे हे कळल्यावर लोक टीकाच अधिक लिहितात. दोन्ही अभ्यास निवासी हॉटेलांचे आहेत, हे विसरू नये. गुणांकनाच्या दृष्टीने ही मते परस्परविरोधी असली, तरी ग्राहक अधिक सविस्तर लिहू लागतो याकडे दोन्ही निर्देश करतात. दोषशोधासाठी हीच गोष्ट मोलाची ठरते.

उत्तराचे स्वरूप : ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आम्ही सुधारणा करू’ हे साचेबंद वाक्य प्रत्येकाखाली चिकटवले की वाचणाऱ्याला ते लगेच ओळखू येते. उपयुक्त उत्तरात तक्रारीतील वस्तूचा उल्लेख, चूक झाली असल्यास तिची कबुली आणि प्रत्यक्ष झालेला बदल एवढेच असते. उदा., ‘शनिवारी आपल्या पानात पनीरची भाजी गार आली, हे चुकलंच. रोट्या व्हायच्या आधी भाजी काढून ठेवली जात होती. आता ती रोटीबरोबरच निघते.’ बदल झालेला नसेल तर तसे वचन देऊ नये. ग्राहकाचा फोन, बिल किंवा तो कोणाबरोबर आला होता हे जाहीर करणे गैर होय. फुकट जेवणाचे आमंत्रण जाहीरपणे देणेही टाळतात, कारण ते वाचून नव्या तक्रारी येतात. केवळ टीका आहे म्हणून गुगल अभिप्राय काढत नाही. धोरणभंग असेल तरच हटवण्याची विनंती चालते. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले.

दोषशोध : पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून पंजाबी पदार्थ देणाऱ्या एका कल्पित उपाहारगृहाचे उदाहरण घेऊ. तीन महिन्यांत तीन किंवा कमी ताऱ्यांचे ४८ अभिप्राय आले. त्यांपैकी १८ पार्सलचे होते. ते प्रथम वेगळे काढावे लागतात, कारण डब्यात गार झालेली भाजी आणि टेबलावर गार आलेली भाजी यांची कारणे निराळी असतात. उरलेल्या ३० पैकी ११ जणांनी ‘गार’ म्हटले, ८ जणांनी ‘उशीर’. या १९ पैकी १४ भेटी शनिवार-रविवार रात्रीच्या होत्या. येथे भेटीचा दिवस धरायचा. अभिप्राय कधीकधी आठवड्याने लिहिला जातो.

चौदा हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्या दोन रात्रींत आठवड्याचे ४० टक्के ग्राहक येत असतील, तर १९ पैकी सात-आठ तक्रारी तेथे अपेक्षितच आहेत. प्रत्यक्षात त्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. अनेक मालक ही तुलना न करताच गर्दीला दोष देतात.

यानंतर मजकूर बारकाईने वाचावा लागतो. वेटर कमी पडले असते तर भाजी आणि रोटी दोन्ही गार झाल्या असत्या. येथे सहा जणांनी ‘रोटी गरम, भाजी गार’ असे लिहिले होते. म्हणजे भाजी तयार होऊन रोटीची वाट पाहत होती. एका शनिवारी केओटीवर, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, वेळा टिपल्या, तेव्हा भाजी आठव्या मिनिटाला व रोट्या सतराव्या मिनिटाला निघत असल्याचे दिसले. ‘गार’ आणि ‘उशीर’ या दोन तक्रारींचे मूळ एकच, तंदूर, हे येथे उघड होते. उपाय वेटर वाढवण्याचा नव्हता. कणकेचे गोळे संध्याकाळी गर्दीआधी करून ठेवणे, दोन रात्रींसाठी तंदूरवर एक हात वाढवणे आणि तंदूरवाल्याने हाक दिल्यावरच भाजीला शेवटची फोडणी देणे, हे उपाय होते. पुढच्या तिमाहीत तक्रारी १४ वरून ९ झाल्या तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. इतक्या लहान संख्या आपोआपही खालीवर होतात. भाजी आणि रोटी यांतले नऊ मिनिटांचे अंतर किती उरले, हे केओटीवरूनच पाहायचे.

मर्यादा : अभिप्राय लिहिणारे ग्राहक सर्व ग्राहकांचे प्रतिनिधी नसतात; फार खूश किंवा फार नाराज असलेलेच अधिक लिहितात. खोट्या अभिप्रायांचा प्रश्नही आहेच : लुका व झेर्वास यांच्या बॉस्टनमधील अभ्यासात येल्पने उपाहारगृहांचे सुमारे १६ टक्के अभिप्राय संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले आढळले. महाराष्ट्रात आणखी एक अडचण येते. एकच तक्रार कोणी ‘गार’, कोणी ‘थंड’, कोणी रोमन लिपीतल्या मराठीत, तर कोणी इंग्रजीत लिहितो, त्यामुळे नुसता शब्द शोधून केलेली मोजणी अपुरी पडते. पन्नास-साठ अभिप्राय असतील तर ते हाताने वाचून वहीत खुणा करणेच सोयीचे.

पोटाचा त्रास, अन्नात काच किंवा धातूचा तुकडा, शाकाहारी पानात मांस, दाण्याची ॲलर्जी असलेल्याला दाण्याचे कूट, अशा तक्रारींना त्या किती जणांनी केल्या हा निकष लावत नाहीत. अशी एकच तक्रार आली तरी त्या दिवशीचा माल, भांडी व शिफ्ट तपासली जाते आणि जाहीर उत्तराआधी ग्राहकाशी थेट संपर्क साधला जातो.